बीपी उतरलं, डोकं मात्र दुखतच राहिलं

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सोलापुरातल्या एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे. दुपारी चार वाजता कॅश बंद करून हिशेब जुळवत होते. पाचशेच्या नोटा मशीनमध्ये फडफडत होत्या आणि प्रत्येक फडफडीसोबत डाव्या डोळ्यामागे कुणीतरी हातोडी मारत होतं. ही डोकेदुखी माझ्या ओळखीची. बावीस वर्षांची होते तेव्हापासून आहे, आता बेचाळीस. पण त्या दिवशी उलटी आवरेना, म्हणून शिपाईमामांनी रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे बीपी निघालं १६८/१०४.

डॉक्टर म्हणाले, "बघा, बीपीमुळे डोकं दुखतंय तुमचं. बीपी उतरलं की सगळं थांबेल." मला हे ऐकून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. वीस वर्षांच्या कटकटीला एकदाचं कारण सापडलं होतं.

दोन दिवसांनी डोकं शांत असताना त्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा १५६/९८. शनिवारी १५४/९६. म्हणजे बीपी खरंच होतं, फक्त दुखण्याच्या भरात वाढलेलं नव्हतं. वडिलांनाही होतं, त्यामुळे आश्चर्य नाही. ईसीजी, क्रिएटिनिन, लघवी, साखर या सगळ्याचे अकराशे रुपये झाले. गोळी सुरू झाली: अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज सकाळी एक.

मार्चच्या मध्यापर्यंत बीपी १३२/८४ वर आलं. डोकं? मार्चमध्ये नऊ दिवस दुखलं. फेब्रुवारीतही तेवढंच असावं, पण तेव्हा मोजत नव्हते. वर संध्याकाळी पायाच्या घोट्याला सूज येऊ लागली, चपलेचा पट्टा रुतायचा. दवाखान्यात सांगितलं तर "थोडा वेळ द्या" एवढंच उत्तर मिळालं.

वही आणि पट्टा

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं ठरवलं. अपॉइंटमेंट फक्त फोनवर, सकाळी नऊ ते दहा. तीन दिवस लाइनच लागली नाही. चौथ्या दिवशी लागली आणि थेट १८ एप्रिलची तारीख मिळाली, जवळजवळ चार आठवड्यांनी. रिसेप्शनवरच्या बाईंनी एक उपकार केला. म्हणाल्या, "येताना डोकं दुखल्याच्या तारखा आणि खाल्लेल्या गोळ्या लिहून आणा, नाहीतर सर परत पाठवतात." मी पतसंस्थेची जुनी लांबट वही घेतली आणि कॉलम आखले: तारीख, किती वाजता सुरू, किती तास, उलटी, कोणती गोळी, बीपी.

बीपीसाठी मशीन घेतलं, २,१५० रुपयांचं. पहिल्या आठवड्यात घरी १४८, १५२ असे आकडे यायचे आणि दवाखान्यात १३२. मी घाबरले. मग नवऱ्याने मशीनचा पट्टा उलटून बघितला. त्यावर छापलं होतं: २२ ते ३२ सेंटिमीटर. शिवणाची टेप आणून माझा दंड मोजला, तर ३४. पट्टा लहान असला की बीपी खोटंच जास्त दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, ८५० रुपये आणि आठ दिवस. तो लावल्यावर आकडे दवाखान्याशी जुळले. घरी मशीन घेणार असाल तर आधी दंड मोजा.

आणखी एक गोष्ट त्या वहीनेच दाखवली. ६ एप्रिलला रात्री डोकं ठणकत असताना बीपी १५८/९८. दुसऱ्या दिवशी डोकं उतरल्यावर, तीच गोळी, तेच जेवण, आणि बीपी १३०/८४. म्हणजे त्या रात्री बीपीने डोकं दुखवलं नव्हतं, डोक्याने बीपी वाढवलं होतं.

१८ एप्रिल

नंबर सत्तावीस. पहिल्या भेटीचे ९०० रुपये, पंधरा दिवसांत परत आलं तर निम्मे. साडेअकराला आत गेले ते चाळीस मिनिटं बसले. डॉक्टरांनी वही सगळी वाचली, डोळ्यात बॅटरी टाकून आतला पडदा बघितला, एका रेषेत चालायला लावलं. मी विचारलं, एमआरआय करायचा का? शेजारणीचा केला होता, मला धास्ती होती. ते म्हणाले, "ताई, वीस वर्षं एकाच पद्धतीने दुखतंय. तपासणीत काही वेगळं नाही, पडदा स्वच्छ आहे. दुखण्याची तऱ्हा बदलली, अचानक कधी नव्हे असं भयंकर दुखलं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर त्याच दिवशी या. आत्ता सात-आठ हजार घालवू नका."

मग मी तो मुद्दा काढला. बीपी उतरलं, तरी डोकं का दुखतंय?

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. साधं वाढलेलं बीपी, म्हणजे १५०-१६० च्या घरातलं, सहसा डोकं दुखवत नाही. म्हणून तर लोकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत डोकेदुखी, अंधारी, छातीत दुखणं असं काही असेल तर ते वेगळं, तिथे थेट हॉस्पिटल गाठायचं. मला दोन आजार होते, बीपी आणि मायग्रेन, शेजारी शेजारी राहणारे. एकाच्या दारावर टकटक केली म्हणून दुसरा बाहेर येईलच असं नाही.

पण बीपीची काही औषधं मायग्रेनही अडवतात, आणि ही गंमत योगायोगाने सापडली. प्रोप्रानोलोल हे हृदयासाठी काढलेलं औषध. १९६६ मध्ये छातीच्या दुखण्यासाठी ते देत असताना एका रुग्णाचं मायग्रेनही थांबल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि तिथून त्याच्या रीतसर चाचण्या सुरू झाल्या. मला वाटलं, रक्तदाब कमी झाला म्हणून थांबलं असेल. डॉक्टरांनी मान हलवली. "तसं असतं तर तुमच्या अमलोडिपिननेही थांबलं असतं. बीपी तर तिनेही उतरवलंच की."

प्रोप्रानोलोलच्याच घराण्यातली काही औषधं, उदाहरणार्थ पिंडोलोल, बीपी उतरवतात पण मायग्रेनवर चालत नाहीत. म्हणजे काम दाबाचं नाही, कुठेतरी मेंदूत होतंय. प्रोप्रानोलोल रक्तातून मेंदूत शिरतं. तिथे नॉरअॅड्रेनलिन नावाचं जे रसायन मेंदूला सतत सावध ठेवतं, त्याचा जोर ते कमी करतं. मायग्रेनवाल्याचा मेंदू म्हणजे तिखट कानाच्या सासूसारखा, जरा आवाज झाला की उठून बसणारा. औषध त्या कानाची धार कमी करतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेची एक संथ लाट सरकते, काहींना डोळ्यासमोर नागमोडी उजेड दिसतो तो तिच्यामुळे. उंदरांवरच्या प्रयोगात या औषधाने ती लाट कमी वेळा उठू लागली, पण काही आठवडे रोज दिल्यानंतरच, एका डोसने नाही. म्हणूनच ही गोळी डोकं दुखल्यावर घ्यायची नसते. रोज घ्यायची, आणि दोन-तीन महिने निकालाची वाट बघायची.

दुसरं औषध कँडेसार्टन, बीपीचं अगदी नेहमीच्या वर्गातलं. नॉर्वेत २००३ साली ६० जणांवर त्याची चाचणी झाली. बारा आठवड्यांत खोट्या गोळीवर, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेल्या गोळीवर, सरासरी साडेअठरा दिवस डोकं दुखलं आणि कँडेसार्टनवर साडेतेरा. नंतर तिथेच प्रोप्रानोलोलशी समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दोन्ही जवळजवळ सारखी ठरली. शंभरातल्या चाळीसेक जणांचे मायग्रेनचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. खोट्या गोळीवरही तेवीस जणांचे आले होते. हा शेवटचा आकडा त्यांनी मुद्दाम सांगितला. "चाळीस जणांत तुम्ही असालच असं नाही, आणि असलात तरी शून्य होणार नाही. निम्मं झालं तर पास."

मग त्यांनी माझ्या गोळ्यांचा कॉलम बोटाने मोजला. एप्रिलचे अठरा दिवस आणि मार्च धरून, महिन्याला अकरा दिवस मी काही ना काही गिळत होते. बहुतेक वेळा ती एकत्र गोळी, एर्गोटामिन, कॅफिन आणि पॅरासिटामॉलवाली, जी मेडिकलवाले आपणहून देतात. त्यातलं एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. बीपी असलेल्या माणसाने ते खाणं म्हणजे भरलेल्या टाकीचा पाइप मुरगाळणं. शिवाय अशा गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. साध्या पॅरासिटामॉलला ती मर्यादा पंधरा दिवसांची. मी काठाच्या पलीकडे होते. ती गोळी त्या दिवशी बंद झाली. पुढचे दहा दिवस वाईट गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले.

जाताना गृहपाठ: सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा बीपी. आधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास आधी चहा नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढायची. हिशेबाचं काम, मला आवडलं. सरासरी आली १३४/८६. घरच्या मोजणीत १३५/८५ ही रेषा, म्हणजे मी अगदी काठावर.

रजेचा कागद

मधल्या त्या दोन दिवसांच्या रजेने आणखी ताप दिला. आमच्याकडे लागोपाठ दोन दिवसांच्या वर आजारी रजा झाली की सर्टिफिकेट लागतं, आणि मध्ये रविवार आल्याने माझे तीन धरले गेले. दवाखान्याने दिलेल्या कागदावर नुसतं "डोकेदुखी" लिहिलं होतं आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकच नव्हता. ऑफिसातून कागद परत आला. साहेब म्हणाले, "डोकेदुखीला तीन दिवस, मॅडम?" पुन्हा रिक्षा, पुन्हा रांग. दुसऱ्या कागदावर आजाराचं नाव "मायग्रेन", कधीपासून कधीपर्यंत, कामावर रुजू व्हायला योग्य, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, सगळं मी रिसेप्शनवर उभं राहून तपासून घेतलं. तुम्हीही काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या.

माझी चूक

२ मे रोजी दुसरी भेट, ४५० रुपये. ठरलं ते असं: अमलोडिपिन चालू ठेवायची, जोडीला प्रोप्रानोलोल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांनी ४० दोनदा. डोकं दुखलंच तर रिझाट्रिप्टन, आठवड्यातून दोनदाच्या वर नाही. ईसीजी नीट होता आणि बीपी आटोक्यात होतं म्हणूनच हे औषध मिळालं, कारण तेही रक्तवाहिन्या आवळतं आणि वाढलेल्या बीपीत देत नाहीत. शिवाय डॉक्टरांनी ते १० ऐवजी ५ मिलिग्रॅमचं लिहिलं. प्रोप्रानोलोल सोबत असलं की रिझाट्रिप्टन रक्तात जास्त साठतं.

लिहिण्याआधी त्यांनी विचारलं होतं: दमा? हृदयाचे ठोके मंद? मधुमेह? मी तिन्हीला नाही म्हटलं. नाडी बघितली, ७८. मनापासून नाहीच म्हटलं होतं.

पहिले दोन आठवडे ठीक गेले. हात गार पडायचे, सोलापूरच्या मे महिन्यात ही सोयच. जिना चढताना पाय जड वाटायचे, स्वप्नं रंगीत आणि लांबलचक पडायची. १७ मेला डोस वाढवला. २१ मेच्या रात्री दोन वाजता जाग आली ती छातीतल्या शिट्टीने. श्वास बाहेर सोडताना कुकरची शिट्टी अर्धवट अडकावी तसा आवाज. उठून खिडकीत बसले. सकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, तू दुसरीत असताना दोन हिवाळे तुला धाप लागायची की! बार्शीच्या डॉक्टरांनी पंप दिला होता. विसरलीस?"

विसरले होते. साफ. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण लक्षात ठेवतं. पण प्रोप्रानोलोल हृदयापुरतं थांबत नाही, श्वासनळ्या सैल ठेवणारी यंत्रणाही बंद पाडतं, आणि दम्याची खोड असलेल्याच्या नळ्या आवळतात. नियमच आहे, दमा असेल तर हे औषध नाही.

त्याच दिवशी बिनअपॉइंटमेंट गेले, शेवटचा नंबर घेतला. डॉक्टर रागावले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. माझा डोस अजून लहान आणि तीन आठवड्यांचाच होता, तरी त्यांनी तो आपल्या देखरेखीत पायरीपायरीने चार दिवसांत उतरवला. ही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नसते, हृदय उसळी मारतं आणि बीपीही. सोबत तात्पुरता पंप दिला आणि छातीच्या डॉक्टरांकडे फुंकण्याची तपासणी करायला पाठवलं, ७०० रुपये. तिथे सौम्य दमा असल्याचं निघालं.

पहिल्यांदा जाण्याआधी आईला, आत्याला, ज्यांनी तुम्हाला लहानपणी सांभाळलं त्यांना एक फोन करा. धाप, पंप, हिवाळ्यातला खोकला, एवढंच विचारा.

"तेच आहे, ताई"

२७ मे. आता कँडेसार्टन ८ मिलिग्रॅम, रोज एक. अमलोडिपिन बंद. घोट्यांची सूज पंधरा दिवसांत गेली, ही बोनसची गोष्ट.

चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. मुलाने ड्रॉवर उघडले, बंद केले, आत जाऊन आला आणि टेल्मिसार्टनची पट्टी काउंटरवर ठेवली. "हीच घ्या ताई, तेच आहे, सगळे हीच घेतात. ती कोणी लिहीत नाही आता." बीपीपुरतं त्याचं म्हणणं चूक नव्हतं, दोन्ही एकाच कुळातली औषधं. पण मायग्रेनवर टेल्मिसार्टनची चाचणी झाली होती, ८० मिलिग्रॅमची, आणि खोट्या गोळीपेक्षा ते स्पष्टपणे सरस ठरलं नाही. हे मला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दुकानदार बदलून देईल, घेऊ नका." मी पट्टी परत सरकवली. पाच दुकानं फिरले. नवी पेठेतल्या एकाने दोन दिवसांत मागवून देतो म्हटलं आणि दिलीही. महिन्याची गोळी तेव्हा मला तीनशेच्या आसपास पडली, टेल्मिसार्टनच्या दुप्पट. आता पट्टीत आठ गोळ्या उरल्या की मी आधीच फोन करते.

कँडेसार्टन सुरू करताना रक्ताची तपासणी चुकवायची नाही. हे औषध किडनीतल्या दाबावर काम करतं, त्यामुळे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढू शकतं. १० जूनला रक्त दिलं, ५५० रुपये. क्रिएटिनिन ०.८, पोटॅशियम ४.४, दोन्ही ठीक. १२ जूनपासून १६ मिलिग्रॅम, चाचण्यांमध्ये वापरला होता तोच डोस. रिझाट्रिप्टन आता १० चं झालं, कारण प्रोप्रानोलोल नव्हतं.

बीपी जूनअखेर १२४/७८. डोकं? जूनमध्ये आठ दिवस. मी खट्टू झाले. वहीत लिहिलंय, "उपयोग नाही बहुतेक." डॉक्टरांनी ते वाचून खाली पेनने १२ सप्टेंबर ही तारीख घातली. त्याआधी निकाल लावायचा नाही म्हणे.

१७ जुलैला आषाढी एकादशी. घरी सगळ्यांचा उपवास, माझाही. सकाळी गोळी घेतली, मग नुसता चहा, दुपारी थोडी भगर. पाणी विसरले. साडेतीनला देवघरासमोरून उठले आणि डोळ्यासमोर काळं झालं, भिंत धरून खाली बसले. बीपी ९८/६०. संध्याकाळी डोकंही सुरू झालं, उपवास हा माझा जुनाच शत्रू. म्हणजे एकाच दिवसात औषधाचा त्रास आणि आजाराचा त्रास, दोन्ही. डॉक्टर म्हणाले, पोट रिकामं आणि पाणी कमी असलं की ही गोळी जास्त लागू पडते. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी त्या दिवशी थांबवायची आणि फोन करायचा, नाहीतर किडनीला त्रास. कार्तिकीला मी सकाळपासून ताक, राजगिऱ्याचा लाडू, दर तासाला पाणी असं केलं. विठोबाने तक्रार केली नाही.

वेदनाशामकांचाही नियम बदलला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही औषधं बीपी वाढवतात आणि कँडेसार्टनसोबत किडनीवर ताण टाकतात. गुडघा दुखला म्हणून सासूबाई त्यांच्यातली गोळी द्यायच्या, ते बंद. आणि मीठ. सोलापूरच्या घरात शेंगाचटणी, कडक भाकरी, खाराची मिरची याशिवाय ताट पुरं होत नाही. मिरची सोडली, चटणी सोडता आली नाही, घरी कमी मिठाची कुटते.

आकडे

वहीतून जसेच्या तसे: मार्च ९, एप्रिल १०, मे ८, जून ८, जुलै ६, ऑगस्ट ४, सप्टेंबर ४, ऑक्टोबर ३, नोव्हेंबर ५ (दिवाळीची जाग्रणं), डिसेंबर ३. १२ सप्टेंबरला डॉक्टरांनी बेरीज केली आणि "पास" एवढंच म्हणाले. दुखतं तेव्हा तेवढंच दुखतं, त्यात फरक नाही. दिवस कमी झाले, आणि रिझाट्रिप्टन घेतलं की दोन तासांत उतरतं. यातलं किती कँडेसार्टनमुळे आणि किती ती एर्गोटामिनवाली गोळी सुटल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरही म्हणाले, दोघांत वाटून घ्या.

फेब्रुवारी ते डिसेंबर सगळा खर्च मी मांडला: तपासण्या, फिया, मशीन, औषधं, रिक्षा धरून साधारण चौदा हजार. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही, त्यामुळे एक रुपयाही परत नाही. जानेवारीत पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या फॉर्मवर "उच्च रक्तदाब आहे का?" या चौकटीत मी "होय" केलं. एका सहकाऱ्याने "कशाला सांगता" म्हटलं. पण लपवलं आणि पुढे अॅडमिट व्हायची वेळ आली तर क्लेम नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरू शकतं.

फक्त मायग्रेन असतं तर सहा महिने ते वर्षभराने गोळी कमी करून बघितली असती. मला बीपी आहे, त्यामुळे ती चालूच राहणार. वर्षातून एकदा क्रिएटिनिन-पोटॅशियम, एवढंच.

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. तिलाही मायग्रेन आहे, आमच्या घरातच आहे ते. म्हणाली, "ताई, तुझ्या गोळीचं नाव पाठव ना, इथे मेडिकलमध्ये मिळेल." ती एकतीसची, वर्षभर बाळासाठी प्रयत्न चाललेत. कँडेसार्टन गरोदरपणात चालत नाही, पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा होते, म्हणून दिवस राहण्याची शक्यता असली तरी डॉक्टर ते टाळतात. मी नाव पाठवलं नाही. वहीच्या पानाचा फोटो पाठवला, कॉलम दिसतील असा, आणि लिहिलं: आजपासून भर, पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे घेऊन जा, आणि बाळाचं आधी सांग. तिचं उत्तर आलं: "बीपीचा पट्टा किती सेंटिमीटरचा घेऊ?"